थंडीत सुजणारी बोटे : चिलब्लेन्स की रक्तपुरवठ्यातला अडथळा?

कडाक्याच्या थंडीत काहींच्या पायाची बोटे लालसर होऊन सुजतात. त्यांना खाज सुटते, आग होते आणि चप्पल-बूट घालणेही नकोसे होते. यामागे दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात. एका प्रकारात पायाच्या रक्तवाहिन्या मोकळ्याच असतात, फक्त थंडी आणि ऊब यांच्या बदलाशी त्या नीट जुळवून घेत नाहीत. याला चिलब्लेन्स म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पायाकडे रक्त आणणारी धमनीच अरुंद किंवा बंद झालेली असते आणि थंडीमुळे तिचे दुखणे फक्त उघडे पडते. चिलब्लेन्स बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतात. धमनी बंद असेल तर मात्र दुर्लक्षामुळे बोट, कधी पाऊलही, गमावण्याची वेळ येते. दोन्हींत बोट लाल दिसते आणि दोन्हींचा त्रास थंडीत वाढतो. त्यामुळे नुसत्या रंगावरून निदान होत नाही. त्रास कधी सुरू होतो, वेदना कशाने वाढते, कशाने थांबते आणि पावलात नाडी लागते का, यावरून ते होते.

चिलब्लेन्स कसे होतात

चिलब्लेन्स होण्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. शून्य ते पंधरा अंश सेल्सिअसची ओलसर थंडी त्यांना पुरते. म्हणूनच कोरड्या, कडक हिवाळ्याच्या देशांपेक्षा ब्रिटन आणि आयर्लंडसारख्या दमट प्रदेशांत हा त्रास फार जुना आणि घरोघरचा होता. घरभर उष्णता पुरवणारी यंत्रणा आल्यावर तो तिथे कमी झाला. भारतात काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तरेच्या मैदानी भागांत तो दर हिवाळ्यात दिसतो. उबदार कोकणातून किंवा मुंबईतून शिक्षणासाठी दिल्लीला वा इंग्लंडला गेलेल्या मुलामुलींना पहिल्याच हिवाळ्यात त्याची ओळख होऊ शकते. महाराष्ट्रात तो तुलनेने कमी असला तरी अजिबात नाही असे नाही. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि पहाटे ओल्या पायांनी काम करणाऱ्यांना तेवढी थंडी पुरेशी असते.

थंडी लागली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या लहान धमन्या आकसून घेते. निरोगी माणसात हे आकसणे सलग टिकत नाही. थंड पाण्यात बोट बुडवून ठेवले तर काही मिनिटांनी तिथल्या वाहिन्या आपोआप थोड्या वेळासाठी उघडतात, पुन्हा आकसतात, पुन्हा उघडतात. ब्रिटिश संशोधक थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये या चढउताराचे वर्णन केले. बोटातल्या पेशींना अधूनमधून रक्त मिळत राहावे, अशी ही सोय आहे. चिलब्लेन्स होणाऱ्यांमध्ये ती नीट चालत नाही असे मानले जाते. त्यांच्या बोटातल्या वाहिन्या बराच काळ आकसलेल्या राहतात. नंतर बोट एकदम तापले की रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या चटकन उघडतात, पण रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा मागे राहतात. आत येणाऱ्या रक्ताला बाहेर जायला वाट अपुरी पडते, त्यातला द्रव भोवतालच्या त्वचेत झिरपतो आणि तिथे दाह सुरू होतो. सूज, खाज आणि लाली येते ती या दाहामुळे.

त्यामुळे चिलब्लेन्सचे वेळापत्रक ठरलेले असते. थंडी लागताना बोट फक्त गार आणि बधिर वाटते. खरा त्रास काही तासांनी, बहुधा बारा ते चोवीस तासांच्या आत सुरू होतो. रात्री पांघरुणात पाय गरम झाले की खाज आणि आग असह्य होते. बोटांच्या वरच्या बाजूला किंवा कडेला मटारच्या दाण्यापासून बोराएवढे सुजरे चट्टे उठतात. गोऱ्या त्वचेवर ते लालभडक आणि पुढे जांभळट दिसतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लाली अशी उठून दिसत नाही. तिथे चट्टा गडद तपकिरी किंवा जांभळसर, ताणलेला आणि चकचकीत दिसतो. त्यामुळे तिथे रंगापेक्षा सूज, ऊब आणि दाबल्यावर होणारे दुखणे यांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. तीव्र त्रासात फोड येतात आणि खाजवल्याने ते फुटून जखम होते. बहुतेक वेळा दोन्ही पायांची एकाहून अधिक बोटे एकदमच सुजतात.

हा त्रास तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, मुलांमध्ये आणि अंगाने बारीक असणाऱ्यांमध्ये अधिक आढळतो. ज्याला एका हिवाळ्यात झाला त्याला पुढच्या हिवाळ्यातही तो होण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात मात्र बोटे अगदी पूर्ववत होतात.

धमनी बंद होते तेव्हा

पायाचा रक्तपुरवठा कमी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे धमनीच्या आतल्या अस्तरात चरबी आणि चुना साठून ती अरुंद होणे. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढते वय ही त्यामागची कारणे आहेत. भारतात याच्या जोडीला बर्गरचा आजारही दिसतो. न्यूयॉर्कमधील डॉक्टर लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तो तंबाखू ओढणाऱ्या, बहुधा पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना होतो. हातापायांच्या मधल्या आणि लहान धमन्यांना सूज येऊन त्यांत गुठळ्या धरतात आणि वाहिनी बंद पडते. विडी हे त्याचे आपल्याकडचे ठळक कारण आहे.

अशा पायाचे पहिले लक्षण बोटात दिसत नाही, ते चालताना कळते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते, थांबावे लागते, दोन-पाच मिनिटे उभे राहिले की बरे वाटते आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर तेच होते. बर्गरच्या आजारात हे दुखणे तळपायातही सुरू होते आणि ते चपलेमुळे किंवा सपाट तळव्यामुळे असेल असे समजून सोडून दिले जाते. रक्तपुरवठा आणखी घटला की चालण्याचा संबंध राहत नाही. पडून राहिल्यावरही बोटांत ठणका लागतो, विशेषतः रात्री. माणूस झोपेतून उठून पाय खाटेखाली सोडून बसतो आणि त्याला आराम पडतो, कारण पाय खाली सोडल्यावर रक्त उतारामुळे बोटापर्यंत कसेबसे पोहोचते.

याच पायात फसवी लाली दिसते. रक्तासाठी आसुसलेल्या बोटातल्या केशवाहिन्या कायमच्या ताणून उघडलेल्या असतात. पाय खाली सोडला की त्यांत रक्त साचते आणि बोटे तांबूस-जांभळी होतात. पाहणाऱ्याला वाटते की रक्त चांगले खेळते आहे, पण तो रंग साचलेल्या रक्ताचा असतो. पाय सतत लोंबकळत ठेवल्याने त्यावर सूजही चढते. लाल, सुजलेले, दुखणारे आणि थंडीत वाढणारे हे बोट आता वरवर हुबेहूब चिलब्लेन्ससारखे दिसते.

एका घरातली दोन माणसे

फरक कसा कळतो, हे पाहण्यासाठी निफाड परिसरातले एक शेतकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणता येईल. घरात बेचाळीस वर्षांचा शेतकरी आहे आणि त्याची एकोणीस वर्षांची पुतणी आहे. जानेवारीचा महिना आहे. वीज रात्री येते म्हणून काका मध्यरात्री गव्हाला पाणी भरतो आणि तीन-चार तास त्याचे पाय चिखलात असतात. पुतणी पहाटे अंगणातल्या नळावर अनवाणी भांडी घासते आणि लगेच शेकोटीशी पाय धरून बसते. दोघांचीही बोटे सुजली आहेत. घरात दोघांसाठी निदान एकच, ‘थंडी बाधली’.

पुतणीच्या दोन्ही पायांच्या चार-पाच बोटांवर वरच्या बाजूला गडद, सुजरे चट्टे आहेत. तिची मुख्य तक्रार खाज ही आहे आणि ती रात्री गोधडीत पाय गरम झाल्यावर वाढते. मागच्या जानेवारीतही असेच झाले होते आणि होळीपर्यंत सगळे निवळले होते. ती तीन किलोमीटर सायकल चालवते, पोटरी कधी दुखत नाही. काकाचा फक्त उजवा पाय दुखतो आणि अंगठा व त्याच्या शेजारचे बोट सर्वांत जास्त. त्याला खाज नाही, ठणका आहे. तो पहाटे पाय खाटेवरून खाली सोडून बसतो. दिवाळीपासूनच बांधावरून विहिरीपर्यंत जाताना पोटरी भरून येत होती, पण ‘फार चालणे झाले’ म्हणून ते अंगावर काढले. विडी पंचवीस वर्षांची आहे. नखाच्या कडेला एक बारीक जखम महिनाभर भरत नाही.

एवढ्या माहितीवरूनच दोघांचे मार्ग वेगळे होतात. पुढे डॉक्टर दोन ठिकाणी नाडी पाहतात. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलल्यावर दिसणाऱ्या शिरेच्या जरा बाहेरच्या अंगाला. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे आणि थोडी खाली. दोन-तीन बोटांची टोके हलकेच टेकवून ती शोधावी लागते. आपला अंगठा वापरला तर त्यातलीच नाडी लागून फसगत होते. गारठलेल्या पायात निरोगी नाडीही लागायला अवघड जाते, म्हणून आधी रुग्णाला उबदार खोलीत पंधरा-वीस मिनिटे बसवावे लागते. काही निरोगी माणसांच्या पावलाच्या वरची नाडी जन्मतःच लागत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. दोन्ही जागा गप्प असतील तेव्हा मात्र अडथळ्याची शंका बळावते. पुतणीच्या चारही नाड्या ठसठशीत लागतात. काकाच्या उजव्या पायात एकही लागत नाही.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. रुग्णाला उताणे झोपवून दोन्ही पाय साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत वर उचलून एक-दोन मिनिटे धरतात. पुतणीच्या चट्ट्यांचा रंग फारसा बदलत नाही, कारण तो त्वचेतल्या दाहाचा आहे. काकाची तांबूस बोटे वर उचलताच फिक्कट पडतात आणि उठून बसवून पाय खाली सोडल्यावर सावकाश पुन्हा लाल-जांभळी होतात. लाली दाहाची आहे की साचलेल्या रक्ताची, हे अशा वेळी उघड्या डोळ्यांना दिसते.

शेवटी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब एका छोट्या डॉपलर यंत्राच्या साहाय्याने मोजतात आणि घोट्याच्या वरच्या दाबाला दंडाच्या वरच्या दाबाने भागतात. काकाच्या दंडाचा दाब 130 आणि उजव्या घोट्याचा 62 आला, तर 62 भागिले 130 म्हणजे सुमारे 0.48. निरोगी पायात हे गुणोत्तर 1 ते 1.4 असते. 0.9 किंवा त्याहून कमी आले तर धमनीत अडथळा आहे असे धरतात आणि 0.48 म्हणजे तो बराच मोठा आहे. या मोजमापाला एक मर्यादा आहे. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठून ती इतकी कडक होते की पट्ट्याने दाबली जात नाही. मग आकडा खोटाच चांगला, कधी 1.4 च्याही वर येतो. अशा वेळी अंगठ्यातला दाब मोजावा लागतो किंवा सोनोग्राफीने धमन्यांतला प्रवाह पाहावा लागतो.

शेक कुणाला आणि का घातक

दोघांनाही घरात एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे गरम पाण्यात पाय बुडवणे किंवा शेकोटीजवळ धरणे. तो दोघांनाही अपायकारक आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी. पुतणीच्या बोटात एकदम ऊब आल्यानेच वाहिन्यांतला द्रव पाझरतो. शेकोटी तिच्या आजाराचे औषध नाही, ती त्याचे अर्धे कारण आहे. काकाच्या बोटाला ऊब मिळाली की तिथल्या पेशींची प्राणवायूची मागणी वाढते आणि बंद धमनी ती पुरवू शकत नाही. शिवाय वाहते रक्त एरवी त्वचेतली जास्तीची उष्णता वाहून नेते. ते नसल्याने साध्या गरम पाण्याच्या पिशवीनेही चटका बसतो. मधुमेहामुळे संवेदना गेलेल्या पायात तर तो चटका कळतही नाही आणि सकाळी फोड पाहिल्यावर त्याचा पत्ता लागतो.

चिलब्लेन्समध्ये पाय कोरडे पुसून, सैल लोकरी मोजे घालून, खोलीच्या उबेत हळूहळू तापू द्यावे लागतात. नुसते पायच नव्हे तर सगळे अंग उबदार ठेवणे महत्त्वाचे, कारण पोट आणि पाठ गार पडली की शरीर पायाच्या वाहिन्या आकसून घेते. स्वेटर आणि कानटोपीचा बोटांनाही उपयोग होतो तो यामुळेच. एकावर एक दोन मोजे चढवून बुटात पाय कोंबला तर उलट रक्त अडते. ओल्यात काम असेल तर पायाला सैल गमबूट आणि आत कोरडा मोजा हवा, मोजा भिजला की बदलायला हवा. खाजवणे टाळावे, फुटलेला फोड स्वच्छ झाकून ठेवावा. वारंवार आणि तीव्र त्रास होणाऱ्यांना डॉक्टर निफेडिपीन देतात. रक्तदाबासाठी वापरले जाणारे हे औषध लहान धमन्या सैल करते. 1980 च्या दशकातल्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला, पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत जुनाट चिलब्लेन्सवर ते साध्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. डोकेदुखी, रक्तदाब उतरणे आणि घोट्यावर सूज येणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, म्हणून ते आपल्या मनाने घेण्याचे औषध नाही.

काकाच्या पायाला मोज्यांनी किंवा मलमाने फरक पडणार नाही. त्याला रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागते. वय, विडी आणि तपासणी यांवरून बर्गरचा आजार ठरला तर तंबाखू पूर्ण सोडणे हाच मुख्य उपचार असतो. दिवसाला एक-दोन विड्या चालू ठेवल्या तरी आजार पुढे सरकत राहतो. मशेरी, तपकीर किंवा चघळण्याची तंबाखूही त्याला वर्ज्य असते. ज्यांनी बोट काळे पडण्याआधी तंबाखू कायमची सोडली, त्यांच्यावर पाय कापण्याची वेळ क्वचितच येते. धमनीत चरबी साठून अडथळा आला असेल तर रक्त गोठू न देणारी आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे देतात. गरजेनुसार फुग्याने धमनी रुंद करतात किंवा दुसरी वाहिनी जोडून अडथळ्याला वळसा घालतात.

मधल्या छटा

सगळी बोटे या दोन खणांत बसत नाहीत. थंड पाण्याला हात लागताच बोट काही मिनिटांत पांढरेफटक, मग निळे आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असेल आणि पांढऱ्या भागाची कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असेल, तर तो रेनॉचा विकार असतो. फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनॉ यांनी तो 1862 मध्ये मांडला. तो काही मिनिटे ते तासाभरात ओसरतो, चिलब्लेन्स मात्र दिवसच्या दिवस राहतात. याच्या उलट, बोटे उन्हाळ्यात किंवा पांघरुणात लाल होऊन भाजल्यासारखी जळत असतील आणि गार फरशीवर टेकवल्यावरच बरे वाटत असेल, तर तो एरिथ्रोमेलाल्जिया हा वेगळा विकार असण्याची शक्यता असते. नुसत्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत सुजून स्पर्शही सहन होत नसेल, तर आधी संधिवाताच्या गाउट या प्रकाराचा विचार होतो.

चिलब्लेन्ससारखेच चट्टे कधी कधी दुसऱ्या आजाराचे चिन्ह असतात. पहिल्यांदाच चाळिशी-पन्नाशीनंतर उठलेले, थंडी सरल्यावरही न जाणारे किंवा तोंड येणे, सांधे दुखणे, उन्हाने चेहऱ्यावर पुरळ उठणे यांच्या जोडीने आलेले चट्टे असतील, तर ल्युपस आणि रक्ताच्या काही विकारांसाठी तपासण्या कराव्या लागतात.

काही चिन्हांना दिवसांची नव्हे, तासांची मुदत असते. एक पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर होऊन तीव्र दुखू लागला आणि बोटे हलवता येईनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. साधारण सहा तासांच्या आत रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला तर पाय वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून अशा वेळी थेट मोठे रुग्णालय गाठावे लागते. नाड्या नीट लागत असूनही एखादे बोट एकाएकी निळे-जांभळे पडले, तर वरच्या धमनीतला कचरा सुटून बोटाच्या बारीक वाहिनीत अडकल्याची शंका घ्यावी लागते आणि तीही त्याच दिवशी दाखवायची गोष्ट आहे. बोटाचे टोक काळे पडणे, जखम दोन आठवड्यांत न भरणे, झोपमोड करणारा आणि पाय खाली सोडल्यावरच थांबणारा ठणका, आणि मधुमेहाच्या रुग्णाच्या पायावरचा कोणताही फोड, या चारांपैकी काहीही असेल तर थंडी सरण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात नाड्यांची आणि घोट्याच्या रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी लागते.